फक्त ‘हॅलो’ म्हणून गेलेल्यांच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या? एक प्रकरण

हे प्रकरण एका सल्लासेवेचं आहे. कौटुंबिक छळ, वेगळं राहणं, मुलांचा ताबा अशा प्रश्नांवर ही सेवा चॅटवरून मोफत सल्ला देते. नोंदींची धोरणं तपासायला मला तिथे बोलावलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदलले आहेत. निर्णय आणि चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

सेवेच्या संकेतस्थळावर कोपऱ्यात चॅटची खिडकी उघडते. नाव आणि ईमेल भरायची जागा असते, पण दोन्ही ऐच्छिक. पलीकडे प्रशिक्षित सल्लागार बसलेले असतात. दिवसा साताठ जण, रात्री दोघं. प्रत्येक संभाषण आपोआप साठवलं जातं आणि ते पाच वर्षं ठेवायचं असा नियम होता. त्यामागचं कारण रास्त होतं. सल्ला चुकला अशी तक्रार पुढे आली, किंवा एखाद्या प्रकरणात ‘तेव्हा काय सांगितलं होतं’ हा प्रश्न निघाला, तर कागद हाताशी हवा.

हा नियम लिहिताना खऱ्या सल्ल्याची संभाषणं डोळ्यांपुढे होती. खिडकी उघडून फक्त ‘नमस्कार’ किंवा ‘कोणी आहे का’ लिहून निघून जाणाऱ्यांचा विचार कुणी केला नव्हता. अशी माणसं थोडीथोडकी नव्हती. एका महिन्याच्या नोंदी चाळल्या तेव्हा दर पाचांतलं एक संभाषण असंच निघालं. सल्लागार त्यांना ‘कोरी चॅट’ म्हणायचे. हे नाव ऐकून मीही सुरुवातीला फसलो.

प्रश्न कसा उभा राहिला

एका बाईंनी सेवेकडे स्वतःबद्दलच्या सगळ्या नोंदींची प्रत मागितली. काही महिन्यांपूर्वी त्यांनी ईमेल भरला होता, त्यामुळे नोंदी लगेच सापडल्या. नोंदी अकरा होत्या, चार महिन्यांत पसरलेल्या. प्रत्येकीत एकच ओळ होती, कधी ‘हॅलो’, कधी ‘नमस्कार मॅडम’. पुढे सल्लागाराचं ‘नमस्कार, बोला’, आणि त्यानंतर काहीच नाही.

प्रत मिळाल्यावर बाईंनी उत्तर पाठवलं. ते मला दाखवण्यात आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मी तुम्हाला एक शब्दही सांगितला नाही, तरी तुमच्याकडे माझं सगळं आहे.

ते खरं होतं. अकराही नोंदी रात्री एक ते दोनच्या दरम्यानच्या. प्रत्येकीबरोबर ती खिडकी कोणत्या पानावर उघडली होती त्या पानाचा पत्ता जपलेला. पहिल्या चार ‘घर सोडण्यापूर्वी काय तयारी करावी’ या पानावरच्या, शेवटच्या तीन ‘मुलांसह बाहेर पडताना’ या पानावरच्या. शिवाय आयपी पत्ता, फोनचं मॉडेल, आणि खिडकी किती मिनिटं उघडी होती ते. या नोंदी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागल्या असत्या, तर त्याला मजकूर वाचायची गरजही पडली नसती.

अडचण नेमकी कशात होती

सेवेतल्या बहुतेकांना वाटत होतं, की ज्या नोंदीत काही लिहिलेलंच नाही ती निरुपद्रवी, म्हणून राहिली तर राहू दे. प्रत्यक्षात नोंद जितकी कोरी, तितकं तिच्यात मजकुराचं वजन कमी आणि अवतीभवतीच्या तपशिलाचं जास्त. माणूस आला, केव्हा आला, कुठून आला, कितीदा आला, एवढंच तिच्यात असतं. छळाविरुद्धच्या सल्लासेवेकडे माणूस आला होता, हीच तिथली सगळ्यात नाजूक माहिती.

ही गोष्ट काही नवी नाही. युरोपीय संघाच्या २००६च्या एका निर्देशानुसार दूरसंचार कंपन्यांना कोण कुणाशी, केव्हा, कुठून बोललं याच्या नोंदी सहा महिने ते दोन वर्षं ठेवाव्या लागत. बोलण्यातला मजकूर त्यात नव्हता. तरी ८ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने तो निर्देश रद्द ठरवला. असे तपशील एकत्र केले तर माणसाच्या खासगी आयुष्याबद्दल फार नेमके निष्कर्ष काढता येतात, हे त्या निकालामागचं एक कारण होतं. ‘हॅलो’च्या अकरा नोंदी हे त्याचंच छोटं रूप.

किती दिवस ठेवायचं याचा आकडा कायद्यात शोधायला गेलं तर तो बहुधा मिळत नाही. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं कलम ५ एवढंच म्हणतं, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामाला लागेल तेवढाच काळ ती ओळख पटेल अशा रूपात ठेवा. म्हणजे आधी काम सांगा, मग दिवस सांगा. सेवेने उलटं केलं होतं. दिवस दुसऱ्याच कामासाठी ठरले होते आणि कोऱ्या चॅट त्यांच्या मागून फरफटत आल्या होत्या.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय होता तसंच चालू ठेवण्याचा. त्याच्या बाजूने सोय सोडून काही नव्हतं, त्यामुळे तो लवकरच मागे पडला.

दुसरा तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्याने सुचवला. चॅटचं सॉफ्टवेअर बाहेरच्या पुरवठादाराचं होतं आणि त्यात ‘मजकूर पुसा’ अशी तयार सोय होती. तीस दिवसांनी मजकूर जातो, बाकीची नोंद राहते. बैठकीत सगळ्यांच्या माना डोलल्या. कुणाला काही लिहावं लागणार नव्हतं, एक बटण दाबलं की झालं. पण कोऱ्या चॅटपुरतं हे औषध नेमकं चुकीच्या जागी लागतं. ‘हॅलो’ हा शब्द पुसला जातो आणि वेळ, पान, आयपी, ईमेल शाबूत राहतात. जे कुणाला नको ते काढायचं आणि जे घातक ते जपायचं. तरीही हा पर्याय दोन बैठका टेबलावर होता, कारण ऐकायला तो अगदी शहाणपणाचा वाटतो.

तिसरा पर्याय खिडकी बंद होताच नोंद पुसण्याचा. माझा कल आधी इकडेच होता. त्याला विरोध केला तो रात्रपाळीच्या प्रमुख मॅडमनी. त्या म्हणाल्या, “लोक दोन दिवसांनी कळवतात की मी लिहिलं होतं, कुणी उत्तरच दिलं नाही. तेव्हा माझ्याकडे दाखवायला तेवढी एक ओळच असते. ती पुसलीत तर चूक माझ्या माणसाची होती की तंत्राची, हे कळणार कसं?” मुद्दा बिनतोड होता. सल्ला दिलेल्या संभाषणात चूक दाखवणारे पुरावे अनेक असतात. उत्तरच न मिळालेल्या संभाषणात मात्र ती एकटी ‘हॅलो’ आणि तिच्यापुढची रिकामी जागा, एवढाच पुरावा.

चौथा पर्याय यातूनच निघाला. नोंद पूर्ण रूपात थोडे दिवस ठेवायची आणि मग ती अख्खी काढून तिच्या जागी फक्त मोजणी ठेवायची.

दिवसांचा आकडा कसा निघाला

‘तीस दिवस ठेवू’ असं म्हणणं सोपं होतं. पण तीस कशासाठी, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. म्हणून या नोंदी खरोखर कोण आणि कशासाठी उघडतं, ते बघायला घेतलं.

कामं तीन निघाली. उत्तर न मिळाल्याच्या तक्रारी तपासणं हे पहिलं. मागच्या दोन वर्षांत अशा २३ तक्रारी होत्या. नोंद आणि तक्रार यांतलं अंतर मोजलं तेव्हा १९ तक्रारी आठवड्याच्या आत आलेल्या दिसल्या, आणि सगळ्यात उशिराची सतराव्या दिवशी. दुसरं काम खोडसाळांना अडवण्याचं. एकाच ठिकाणाहून दर मिनिटाला ‘हाय’ येऊ लागलं तर तो पत्ता रोखावा लागतो. पण ते तासाभरात, फार तर तीन दिवसांत उरकतं. तिसरं काम पाळ्या लावण्याचं. कोणत्या वेळी माणसं वाट बघून निघून जातात, हे वर्षभराचं चित्र लागतं, पण त्यासाठी कोण आलं होतं हे माहीत असायची काहीच गरज नाही.

म्हणजे ओळखीसकट नोंद हवी होती ती पहिल्या दोन कामांसाठीच, आणि त्यात लांबची मर्यादा १७ दिवसांची. त्यावर थोडी मोकळीक धरून २१ दिवस ठरले. दुसऱ्या सेवेत हा आकडा सातही निघेल आणि चाळीसही. आमच्या २१ला महत्त्व नाही, तो कुठून आला हे सांगता येतं याला आहे.

एका मुद्द्यावर मात्र बरीच ओढाताण झाली. काही सल्लागारांचं म्हणणं होतं, की जी व्यक्ती पुन्हापुन्हा ‘हॅलो’ म्हणून जाते ती बोलायचा प्रयत्न करत असते. तिचा माग राहिला तर बाराव्या वेळी तिला ओळखून सांभाळून घेता येईल. यातली कळकळ खरी होती. पण ही सेवा आपणहून कुणाशी संपर्क साधत नाही, तसं ती जाहीरच करते. तेव्हा जुन्या नोंदी बघून करणार काय? विचारल्यावर उत्तर आलं, “निदान माहीत तरी असेल.” सल्लागाराने समोर बसलेल्या माणसाला ‘तुम्ही गेल्या महिन्यातही येऊन गेलात’ असं म्हणावं का, यावर त्यांच्यातच एकमत नव्हतं. काही जणांना अशा वाक्याने धीर येईल, काही जण कायमचे दूर जातील. कधीतरी उपयोग होईल म्हणून ठेवायचं नाही, असं शेवटी ठरलं. हा निर्णय मला आजही पूर्ण सोपा वाटत नाही.

अंमलबजावणी

आधी ‘फक्त अभिवादन’ म्हणजे काय, ते यंत्राला कळेल असं सांगायचं होतं. पहिला नियम घाईत झाला: आलेल्या माणसाचे चारपेक्षा कमी शब्द असतील तर ती कोरी चॅट. मग ४०० नोंदी काढून दोन सल्लागारांनी त्या हाताने वाचल्या. नियमाने ज्यांना कोरं ठरवलं होतं, त्यांत एक ओळ अशी होती: ‘नवरा आहे घरी’. तीनच शब्द. दुसऱ्या एका नोंदीत नुसतं ‘मारलं’. अशा सहा नोंदी सापडल्या. त्या २१ दिवसांनी गुपचूप पुसल्या गेल्या असत्या.

नियम उलटा फिरवला. शब्द मोजायचे नाहीत, शब्दांची बंद यादी ठेवायची: नमस्कार, नमस्ते, हॅलो, हाय, मॅडम, सर, कोणी आहे का, आणि त्यांची रोमन लिपीतली वेडीवाकडी रूपं. प्रत्येक शब्द या यादीतला असेल तरच नोंद कोरी. यादीबाहेरचा एक शब्द, एक चित्र, एक ध्वनिमुद्रण, किंवा सल्लागाराने बाजूला लिहिलेली एक टीप असली तरी ती साधी नोंद, आणि तिला जुना नियम लागू. चूक व्हायचीच असेल तर ती जास्त ठेवण्याच्या बाजूने होऊ दे, कारण जास्त ठेवलेलं उद्या काढता येतं.

त्यानंतर जे सापडलं त्याची कुणाला कल्पना नव्हती. पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये, समोरचा माणूस टाइप करत असताना त्याची अर्धवट वाक्यं सल्लागाराला आधीच दिसतील अशी सोय होती. ती चालू होती, आणि ती न पाठवलेली वाक्यंही नोंदीत साठत होती. ज्या चॅटना आम्ही कोऱ्या म्हणत होतो, त्यांतल्या बऱ्याच कोऱ्या नव्हत्याच. माणसाने ‘हॅलो’ पाठवलं, मग दोन-तीन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या, आणि न पाठवताच खिडकी बंद केली. खोडलेलं सगळं आमच्याकडे होतं. बैठकीत एक नोंद पडद्यावर उघडली होती. खाली राखाडी अक्षरांत ती वाक्यं दिसली आणि खोलीत कुणी बोलेना. ही सोय त्याच दिवशी बंद केली आणि साठलेली अर्धवट वाक्यं सरसकट काढली. न पाठवलेल्या शब्दांसाठी दिवस ठरवण्याचा प्रश्नच येत नाही, ते घ्यायलाच नको होते.

पुसण्याचं काम रोज पहाटे चालणाऱ्या एका आज्ञेवर सोपवलं:

```sql
DELETE FROM chats
WHERE kind = 'greeting_only'
  AND last_message_at < now() - interval '21 days'
  AND on_hold = false;
```

पहिल्या मसुद्यात `last_message_at`च्या, म्हणजे शेवटच्या संदेशाच्या वेळेच्या जागी `created_at`, म्हणजे नोंद सुरू झाल्याची वेळ होती. फरक किरकोळ दिसतो. पण खिडकी बंद न करता गेलेला माणूस परत आला तर संभाषण जुन्याच नोंदीत पुढे सरकायचं. बाविसाव्या दिवशी कुणी पुन्हा ‘हॅलो’ लिहिलं आणि नेमकी तेव्हाच ही आज्ञा चालली, तर समोरची चालू खिडकी रिकामी झाली असती. चाचणीच्या प्रतीवर हे दिसलं म्हणून निभावलं. `on_hold` हा अपवाद फक्त दोन कारणांसाठी ठेवला, उघडी तक्रार किंवा न्यायालयाचा आदेश. तो कोण लावतो आणि केव्हा काढतो, याचीही नोंद होते. नाहीतर अपवादाचाच नियम होतो.

मुख्य साठ्यातून नोंद गेली म्हणजे ती गेली असं नाही. बॅकअप १४ दिवस राहायचे, आणि त्यातून एकेक ओळ काढता येत नाही, अख्खा बॅकअप जुना होऊन संपावा लागतो. म्हणून लोकांना ‘२१ दिवस’ असं न सांगता ‘जास्तीत जास्त पाच आठवडे’ असं सांगायचं ठरलं, कारण २१ आणि १४ मिळून ३५ होतात. बॅकअपमधून साठा परत आणावा लागला तर पुसलेल्या नोंदी पुन्हा जिवंत होतात. त्यावर उपाय म्हणून पुसलेल्या संभाषणांचे क्रमांक १४ दिवस वेगळ्या यादीत ठेवले. त्यात ईमेल नाही, वेळ नाही, फक्त यादृच्छिक क्रमांक. साठा परत आणला की ही यादी त्यावर फिरवायची.

मागे उरते ती मोजणी. दर दिवसाच्या तीन-तीन तासांच्या गटांत किती जण फक्त अभिवादन करून गेले आणि त्यांना पहिलं उत्तर सरासरी किती वेळात मिळालं, एवढंच. एका गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर आकडा न लिहिता ‘पाचपेक्षा कमी’ लिहायचं. पहाटे तीनला आलेलं एकटं माणूस मोजणीतही ओळखू येऊ शकतं.

काय निष्पन्न झालं

त्या बाईंच्या अकराही नोंदी त्यांच्या विनंतीवरून आधीच काढल्या होत्या, आणि बॅकअपमधून त्या कोणत्या तारखेला जातील तेही त्यांना कळवलं. त्यांचं पुन्हा काही उत्तर आलं नाही.

पहिल्या सहा महिन्यांत उत्तर न मिळाल्याच्या सात तक्रारी आल्या. सहांची नोंद हाताशी होती. सातवी पंचविसाव्या दिवशी आली, नोंद गेलेली होती. सेवेने तसं स्पष्ट सांगून माफी मागितली आणि त्या रात्रीच्या मोजणीवरून उत्तराला तेव्हा उशीर होत होता हे मान्य केलं. एका तक्रारीसाठी २१चे ३० करावेत का, यावर चर्चा झाली आणि ते टाळलं. अशा आणखी आल्या तर आकडा पुन्हा तपासायचा, असं टिपून ठेवलं आहे.

मोजणीने एक अनपेक्षित काम केलं. रात्री बारा ते तीन या गटात पहिल्या उत्तराला सरासरी सहा मिनिटं लागत होती आणि निघून जाणारे तिथेच सर्वाधिक होते. जुन्या नोंदींत हे पाच वर्षं पडून होतं, पण कुणी बघितलं नव्हतं, कारण एकेक नोंद उघडून हे दिसत नाही. रात्री तिसरा सल्लागार बसवला. खिडकी उघडताच एक ओळही दिसू लागली: ‘तुम्ही काही न लिहिता निघून गेलात तर ही नोंद पाच आठवड्यांच्या आत पुसली जाते.’

आज करायचं झालं तर

मी सुरुवात दिवसांच्या आकड्यापासून केली नसती. एक खरी कोरी चॅट साठ्यात जशी दिसते तशी, सगळ्या रकान्यांसकट कागदावर छापून टेबलावर ठेवली असती. अर्धवट वाक्यांची गोष्ट पहिल्याच दिवशी कळली असती. आम्हाला ती सहाव्या आठवड्यात कळली, आणि तोवर आणखी कित्येकांची खोडलेली वाक्यं साठली.

पानाचा पत्ता मुळात साठवायचा का, हेही आधी विचारायला हवं होतं. कोणत्या पानावरून माणूस आला हे सल्लागाराला बोलताना उपयोगी पडतं, पण बोलणं संपल्यावर नाही. आता तो खिडकी बंद होताच जातो.

एक काम अजून अर्धवट आहे. ज्यांनी ईमेल भरलेला असतो त्यांना संभाषणाची प्रत आपोआप ईमेलने जाते. कोऱ्या चॅटसाठी ती आता थांबवली आहे. पण आधी गेलेल्या प्रती लोकांच्या पेट्यांत पडून आहेत, तिथे सेवेचा हात पोचत नाही. त्यांना ‘जुना ईमेल पुसा’ असं कळवावं, तर ते कळवणंही त्याच पेटीत जाऊन पडेल, आणि ती पेटी कोण उघडतं हे आम्हाला माहीत नाही. म्हणून कळवलेलं नाही.